पोटातली गाठ आणि पायातली गुठळी: गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका मावशींचं प्रकरण

जुलैचा दुसरा आठवडा. पाऊस असा की वाळपईहून येणाऱ्या बसच्या काचा आतूनही ओल्या. मावशींना त्यांच्या मुलाने आणि सुनेने धरून आत आणलं. वय ६३. सत्तरी तालुक्यात छोटंसं कुळागर, सुपारी आणि थोडी केळी. डावा पाय जांघेपासून घोट्यापर्यंत सुजलेला, कातडी ताणून चकचकीत झालेली, रंग किंचित जांभळट. मी काही विचारायच्या आधीच मुलगा दबक्या आवाजात म्हणाला, "डॉक्टर, पोटातला कॅन्सर पायात उतरला का?"

तो प्रश्न वेड्यासारखा नव्हता. तीन आठवड्यांपूर्वी दुर्बिणीच्या तपासणीत जठराच्या खालच्या भागात व्रण पडलेली गाठ दिसली होती, तुकडा तपासून अ‍ॅडिनोकार्सिनोमा, म्हणजे ग्रंथींच्या पेशींपासून होणारा कर्करोग, असं निदान झालं होतं. बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात उपचार ठरले होते: आधी केमोथेरपीचे चार डोस, मग शस्त्रक्रिया, मग पुन्हा चार डोस. केमोसाठी गळ्याखाली पोर्ट, म्हणजे कातडीखालची औषध सोडायची छोटी डबी, बसवला होता आणि पहिला डोस होऊन नऊ दिवस झाले होते. मराठीत आपण ट्यूमरलाही गाठ म्हणतो आणि रक्त गोठलं तर तीही गाठच. त्यामुळे घरच्यांच्या डोक्यात एक गाठ पोटातून पायात आली, असं चित्र तयार झालं होतं. त्या दिवसापासून मी पायातल्या गोष्टीला ठरवून 'गुठळी' म्हणते.

(ओळख पटू नये म्हणून गाव, तारखा आणि घरचे काही तपशील बदलले आहेत. वैद्यकीय भाग घडला तसाच आहे.)

सूज त्याआधी पाच दिवस होती. आमच्याकडे पावसात पाय सुजला की दोन गोष्टी आधी मनात येतात: चिखलातल्या जखमेतून झालेला संसर्ग आणि जुन्या लोकांच्या भाषेत हत्तीपाय. कुणीतरी अँटिबायोटिक दिलं होतं, वर दुखण्याच्या गोळ्याही. संसर्गाची सूज सहसा गरम आणि लालसर असते, बऱ्याचदा ताप असतो, कुठेतरी फट किंवा जखम सापडते. इथे ताप नव्हता, जखम नव्हती. टेपने मोजलं तर डावी पोटरी उजवीपेक्षा ४ सेंटीमीटरने जाड होती. ३ सेंटीमीटरहून जास्त फरक असेल तर मी पुढचं बोलणं थांबवून सोनोग्राफीला पाठवते.

त्यांच्याकडे डी-डायमरचा, म्हणजे गुठळी विरघळताना रक्तात येणारे तुकडे मोजणाऱ्या तपासणीचा, रिपोर्टही होता, कुणीतरी आधीच करून घेतलेला, खूप वाढलेला. त्याचा इथे काडीचा उपयोग नाही. ही तपासणी नॉर्मल आली तर ज्याची शंका कमी आहे अशा माणसात गुठळी नाही असं म्हणता येतं. कर्करोगात, केमोनंतर, सूज असताना ती बहुतेक वेळा वाढलेलीच असते. शिवाय कर्करोग, सबंध पाय सुजलेला, पोटरीतला फरक आणि दाबल्यावर पडणारा खळगा एवढं समोर असताना ती नॉर्मल आली असती तरी मी सोनोग्राफी केलीच असती.

सोनोग्राफीत शीर दाबून बघतात. चांगली शीर प्रोबच्या दाबाने कागदासारखी चपटी होते. मावशींची मांडीतली मोठी शीर दाबली तरी गोल राहिली, आत राखाडी भराव, आणि तो वर ओटीपोटाकडे जाणाऱ्या शिरेपर्यंत गेलेला. छातीत दुखणं, धाप, खोकला काही नव्हतं. नाडी ९६, ऑक्सिजन ९७. फुप्फुसाचा सीटी मी लगेच केला नाही, कारण तिथे छोटी गुठळी सापडली असती तरी त्या रात्रीचं औषध तेच राहिलं असतं आणि मूत्रपिंडाला डाय विनाकारण गेला असता.

आता मुलाच्या प्रश्नाचं खरं उत्तर. कॅन्सर पायात उतरला नव्हता. पण पायातली गुठळी कॅन्सरनेच केली होती.

हे फार जुनं निरीक्षण आहे. पॅरिसचे डॉक्टर आर्मां त्रूसो यांनी १८६५ साली व्याख्यानात सांगितलं की कारण नसताना शिरा पुन्हा पुन्हा गोठत असतील तर शरीरात लपलेला कर्करोग शोधा. दोन वर्षांनी त्यांच्या स्वतःच्या शिरेत गुठळी झाली. त्यांनी त्यावरून आपला शेवट ओळखला आणि त्याच वर्षी ते जठराच्याच कर्करोगाने गेले. मावशींच्या बाबतीत क्रम उलटा, म्हणजे कर्करोग आधी कळला होता, पण यंत्रणा तीच.

रक्त गोठायला सुरुवात करून देणारं एक प्रथिन असतं, टिश्यू फॅक्टर. निरोगी माणसात ते रक्तवाहिनीच्या भिंतीबाहेर असतं, रक्ताला ते दिसत नाही. सुरी लागली, भिंत फाटली की रक्ताची आणि त्याची भेट होते आणि क्षणात साखळी सुरू होते: रक्तातला सातवा घटक त्याला चिकटतो, मग दहावा घटक जागा होतो, मग थ्रॉम्बिन बनतं आणि थ्रॉम्बिन रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेनचं जाळं विणतं. घराच्या कौलांखाली ठेवलेली बादली जशी गळती झाली तरच उपयोगाची, तशी ही सोय. कर्करोगाच्या पेशी मात्र हेच प्रथिन स्वतःच्या अंगावर वागवतात आणि त्याचे बारीक बारीक फुगे रक्तात सोडतात. म्हणजे जखम नसताना रक्ताला सतत जखमेची खबर मिळत राहते. जठर आणि स्वादुपिंड यांच्या गाठी यात सगळ्यात पुढे असतात. त्यातल्या काही गाठी म्युसिन नावाचा चिकट पदार्थही बनवतात. तो प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशींना एकमेकांना चिकटवतो.

त्यात भर म्हणजे शरीराची स्वतःची प्रतिक्रिया. गाठीभोवतीचा दाह यकृताला आणि अस्थिमज्जेला हाक घालतो. फायब्रिनोजेन वाढतं, प्लेटलेट वाढतात, पांढऱ्या पेशी वाढतात. यातल्या काही पांढऱ्या पेशी आपला डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकतात आणि त्या जाळ्यात गुठळी अडकून पक्की होते. मग आपण केमो देतो, त्याने शिरांचं आतलं अस्तर दुखावतं. पोर्टची नळी मोठ्या शिरेत बसलेली असते. माणूस गळून अंथरुणाला लागतो, पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलायचे थांबतात. डावा पायच का, याला शरीररचनेचं एक छोटं कारणही आहे: ओटीपोटात डाव्या पायाची शीर उजव्या धमनीखालून जाते आणि थोडी दबलेलीच असते.

केमो सुरू होण्याआधीचा मावशींचा रक्ताचा रिपोर्ट मी मागवला. हिमोग्लोबिन ९.६, प्लेटलेट ४ लाख २० हजार, पांढऱ्या पेशी १२,३००. यावरून केमो घेणाऱ्याला गुठळीचा धोका किती हे सांगणारा खोराना स्कोअर काढतात. २००८ साली प्रसिद्ध झालेली ही साधी बेरीज आहे. जठर किंवा स्वादुपिंडाची गाठ असेल तर २, प्लेटलेट साडेतीन लाख किंवा जास्त असतील तर १, हिमोग्लोबिन १० च्या खाली असेल तर १, पांढऱ्या पेशी ११ हजारांच्या वर असतील तर १, आणि वजन उंचीच्या मानाने खूप जास्त असेल तर १. मावशींची बेरीज ५. तीन आणि वर म्हणजे धोका जास्त.

मुलाने विचारलं, "मग आधीच औषध द्यायला नको होतं का?" हा प्रश्न मलाही पडला होता आणि त्याचं उत्तर सरळ नाही. स्कोअर २ किंवा जास्त असलेल्यांना केमोबरोबर अ‍ॅपिक्सॅबॅन या रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा छोटा डोस देऊन पाहिलेला एक अभ्यास २०१९ साली आला. सहा महिन्यांत गुठळ्या १०.२ टक्क्यांवरून ४.२ टक्क्यांवर आल्या, पण मोठा रक्तस्राव १.८ वरून ३.५ टक्क्यांवर गेला. जठरात उघडा व्रण असलेल्या आणि हिमोग्लोबिन ९.६ असलेल्या बाईला गुठळी नसताना ते औषध देणं, हा निर्णय दोन शहाण्या डॉक्टरांनी दोन तऱ्हेने घेतला तर मी कुणालाच चूक म्हणणार नाही. मी असते तर बहुधा दिलं नसतं.

आता गुठळी होती. औषध द्यायचंच होतं. कोणतं, एवढाच प्रश्न.

अशा वेळी घरच्यांना आणि खरं सांगायचं तर अनेक डॉक्टरांनाही गोळीच हवी असते. सुया नकोत. वॉरफरिन ही जुनी, स्वस्त गोळी. ती मी पहिल्यांदा बाजूला ठेवली. २००३ साली क्लॉट नावाच्या चाचणीत कर्करोग असलेल्यांना सहा महिने एकीकडे हेपरिनच्या कुळातलं इंजेक्शन आणि दुसरीकडे वॉरफरिनसारखी गोळी दिली. गोळीवर पुन्हा गुठळी होण्याचं प्रमाण १७ टक्के, इंजेक्शनवर ९. वॉरफरिनचं काम अन्नातल्या व्हिटॅमिन के वर तोललेलं असतं. केमोनंतर चार दिवस पेजेच्या निवळीवर काढणाऱ्या माणसाचा तो तोल राहत नाही. शिवाय मावशींच्या केमोत फ्लुरोयुरॅसिल होतं, आणि ते वॉरफरिनचा परिणाम अचानक वाढवतं. रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणारा आयएनआर तपासायला सत्तरीतून पावसात दर तीन दिवसांनी कोण येणार, हा भाग वेगळाच.

मग राहिली नवी गोळ्यांची पिढी: रिव्हरोक्सॅबॅन, अ‍ॅपिक्सॅबॅन, एडोक्सॅबॅन. यांना वारंवार रक्त तपासावं लागत नाही. कर्करोगात या गोळ्या गुठळी रोखण्यात इंजेक्शनपेक्षा कमी नाहीत, हे २०१८ पासूनच्या मोठ्या चाचण्यांत दिसलं आहे. पण आकडे नीट वाचावे लागतात. एडोक्सॅबॅनच्या चाचणीत गुठळी परत येण्याचं प्रमाण ७.९ टक्के होतं, इंजेक्शनवर ११.३. मोठा रक्तस्राव मात्र ६.९ टक्के, इंजेक्शनवर ४. हा जादा रक्तस्राव मुख्यतः पोटाच्या वरच्या भागात झाला, आणि ज्यांच्या पचनमार्गात गाठ होती त्यांच्यात. रिव्हरोक्सॅबॅनच्या चाचणीतही अन्ननलिका आणि जठराच्या वरच्या भागाच्या गाठी असलेल्यांमध्ये रक्तस्राव जास्त दिसला, म्हणून असे रुग्ण मध्येच घेणं थांबवलं. २०२० साली अ‍ॅपिक्सॅबॅनची चाचणी आली. तिच्यात मोठा रक्तस्राव ३.८ विरुद्ध ४ टक्के, म्हणजे जवळपास सारखा. ही चांगली बातमी आहे, आणि ती ऐकून बरेच जण सगळ्यांनाच अ‍ॅपिक्सॅबॅन लिहितात. पण त्या चाचणीत पचनमार्गाच्या वरच्या भागातली गाठ असलेले रुग्ण थोडेच होते.

मावशींची गाठ अजून जठरात जागेवर होती. दुर्बिणीचा अहवाल मी दोनदा वाचला: व्रण, आणि नळी लागली की रक्त येतंय. गोळी त्याच व्रणावरून पुढे जाणार. त्यातला न शोषलेला भाग आतड्यात तसाच, म्हणजे सक्रिय राहतो आणि वाटेतल्या जखमेवर काम करतो असं मानतात. त्याहून साधी अडचण म्हणजे उलटी. केमोच्या तिसऱ्या दिवशी गोळी घेतली आणि अर्ध्या तासाने उलटी झाली, तर ती पोटात गेली की बाहेर पडली? पुन्हा द्यायची की नाही? पहिल्या महिन्यात, गुठळी ताजी असताना, अशा शंकेवर रात्र काढायची माझी तयारी नसते.

म्हणून इनॉक्झापेरिन. हे हेपरिनचंच छोटं रूप. रक्तातल्या अँटिथ्रॉम्बिनच्या हातून ते मुख्यतः दहाव्या घटकाला अडवतं. पोटावरच्या त्वचेखाली टोचायचं, जठराशी त्याचा संबंध येत नाही. रक्तस्राव झालाच तर डोस थांबवला की काही तासांत परिणाम ओसरतो, आणि प्रोटामिनने तो काही प्रमाणात उलटवताही येतो.

डोस किलोला १ मिलिग्रॅम, दर १२ तासांनी. फाइलवर वजन ५२ लिहिलेलं होतं. सुनेने हळूच सांगितलं की सगळे कपडे सैल झालेत. काट्यावर उभं केलं तर ४६. हा सहा किलोंचा फरक म्हणजे दर डोसला सहा मिलिग्रॅम जास्त, तेही रक्त गळणाऱ्या जठरात. मग मूत्रपिंड बघायचं, कारण हे औषध तिथून बाहेर पडतं. क्रिएटिनिन ०.९, कागदावर नॉर्मल. पण वय, वजन आणि बाई असणं धरून हिशेब केला तर:

(१४० − ६३) × ४६ ÷ (७२ × ०.९) × ०.८५ = सुमारे ४६

म्हणजे मूत्रपिंडं मिनिटाला साधारण ४६ मिलिलिटर रक्त गाळतात. ३० च्या खाली असतं तर डोस दिवसातून एकदाच केला असता. ४६ ला पूर्ण डोस चालतो, पण उलट्या-जुलाबांनी पाणी कमी झालं की हाच आकडा चार दिवसांत ३० वर येऊ शकतो. म्हणून दर केमोनंतर क्रिएटिनिन बघायचं ठरलं.

४६ किलोला ४५ मिलिग्रॅम. ४० च्या सिरिंजवर मोजायच्या रेघा नव्हत्या, ६० च्या सिरिंजवर होत्या. म्हणून ६० ची घेऊन ०.१५ मिलिलिटर बाहेर टाकायचं आणि उरलेलं टोचायचं. हे सुनेला मी तीनदा करून दाखवलं, चौथ्यांदा तिने केलं. बेंबीपासून दोन बोटं सोडून, कातडीची घडी धरून, सुई सरळ आत. टोचल्यावर चोळायचं नाही, चोळलं की निळं पडतं. तिने विचारलं, "लाइट गेली की फ्रिज बंद पडतो, मग इंजेक्शन खराब होईल का?" फ्रिज लागतच नाही, सावलीतल्या थंड कपाटात ठेवायचं. तिचा चेहरा जरा मोकळा झाला.

दुखण्याच्या गोळ्या मी पिशवीतून काढून घेतल्या. डायक्लोफिनॅक होती. रक्त पातळ करणाऱ्या औषधाबरोबर जठराच्या व्रणावर ही गोळी म्हणजे पेटत्या चुलीत रॉकेल. त्याऐवजी पॅरासिटामॉल आणि आम्ल कमी करणारी पॅन्टोप्रॅझोल. शौच काळी झाली तर फोन करा, हेही सांगितलं, पण मावशींना लोहाच्या गोळ्या चालू होत्या आणि त्यानेही शौच काळी होते. फरक असा: लोहाची शौच काळी-हिरवट आणि घट्ट असते. रक्ताची डांबरासारखी चिकट असते, वास उग्र असतो, आणि बहुतेकदा माणसाला उठताना चक्कर येते. हे सुनेला लाजत लाजत का होईना, पण समजलं.

शिरेत गाळणी बसवायची का, असं बांबोळीहून विचारणा झाली. पोटातल्या मोठ्या शिरेत बसवायची ती गाळणी पायातली गुठळी फुप्फुसात जाण्यापासून अडवते. पण तिच्यावर आणि तिच्याखाली नवी गुठळी धरते, आणि कर्करोगात रक्त तर गोठायलाच टपलेलं असतं. औषध अजिबात देता येत नसेल तेव्हाच ती बसवायची. इथे देता येत होतं.

पहिले पाच आठवडे चांगले गेले. सूज उतरली, मावशी अंगणात फिरू लागल्या. ३८ व्या दिवशी, तिसऱ्या केमोनंतर, प्लेटलेट ३८ हजार.

इथे तीन गोष्टी डोक्यात यायला हव्यात. गोव्यात ऑगस्ट महिना, प्लेटलेट खाली, म्हणजे डेंग्यू हा शब्द सगळ्यांच्या तोंडी. ताप नव्हता, तपासणी निगेटिव्ह, मलेरियाचाही स्मिअर स्वच्छ. दुसरी गोष्ट हेपरिननेच प्लेटलेट पडण्याची. ही विचित्र व्याधी आहे. शरीर हेपरिनविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं, प्लेटलेट संपतात आणि तरीही गुठळ्या वाढतात. ती असेल तर हेपरिनचा एकही थेंब द्यायचा नाही. पण ती साधारणपणे पहिल्या पाच ते दहा दिवसांत दिसते. मावशींच्या प्लेटलेट दुसऱ्या आठवड्यात व्यवस्थित होत्या. आता त्या पडल्या तेव्हा पांढऱ्या पेशीही बरोबर पडल्या होत्या, आणि पाय मोजला तर जाडी वाढलेली नव्हती. म्हणजे तिसरी गोष्ट, केमो.

इनॉक्झापेरिनचं काय करायचं? मी यासाठी गुठळीचं वय बघते. गुठळी पहिल्या महिन्यातली असती तर प्लेटलेट बाहेरून देऊन, पातळी ४० ते ५० हजारांच्या वर राखून, पूर्ण डोस चालू ठेवला असता. तेव्हा थांबवणं जास्त महाग पडतं. आता महिना उलटला होता. प्लेटलेट २५ ते ५० हजारांच्या मध्ये असतील तर डोस निम्मा करायचा, २५ हजारांच्या खाली गेल्या तर थांबवायचा. निम्मा म्हणजे दिवसभराच्या ९० चे ४५. सुनेला पुन्हा रेघा मोजायला लावण्यापेक्षा मी ४० ची एक अख्खी सिरिंज दिवसातून एकदा सांगितली. दर तिसऱ्या दिवशी रक्त. नवव्या दिवशी प्लेटलेट ७४ हजार झाल्या. हेपरिन चालू असतानाच त्या वर आल्या, त्यामुळे दुसऱ्या शक्यतेचा उरलासुरला संशयही गेला.

पूर्ण डोसवर परत जाताना पुन्हा वजन केलं. ४३. डोस ४२.५ झाला. वजन हा डोसाचा भाग आहे, फाइलच्या पहिल्या पानावरचा जुना आकडा नव्हे. हे मी एरवी माझ्याच कनिष्ठांना सांगते आणि पहिल्या महिन्यात दोनदा स्वतः विसरले होते.

चौथी केमो एक आठवडा उशिरा झाली, गणेश चवथीनंतर. शस्त्रक्रिया ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे गुठळी होऊन तीन महिने झाल्यावर. हे अंतर महत्त्वाचं होतं, कारण ऑपरेशनसाठी औषध थांबवावं लागतं आणि पहिल्या महिन्यात थांबवणं सगळ्यात धोक्याचं असतं. शेवटचा डोस आदल्या दिवशी सकाळी. ऑपरेशननंतर आधी ४० चा छोटा डोस, आणि टाक्यांतून रक्त येत नाही असं सर्जननी सांगितल्यावर तिसऱ्या दिवशी पूर्ण डोस. जठराचा खालचा मोठा भाग काढला. काढलेल्या गाठीजवळच्या दोन लसिका ग्रंथींत कर्करोग होता.

उरलेले चार केमो जानेवारी अखेर संपले. तोवर मावशींच्या पोटावर निळ्या-हिरव्या डागांचा नकाशा झाला होता. फेब्रुवारीत त्या म्हणाल्या, "आता पुरे हो सुया. नाहीतर गुठळी होऊ दे."

आता गोळीचा विचार करायला हरकत नव्हती. ज्यामुळे गोळी नको होती तो रक्त येणारा व्रण पोटात उरला नव्हता. हिमोग्लोबिन ११.२, उलट्या नाहीत. पण एक नवी अडचण आली होती: जठरच अर्धं गेलेलं. रिव्हरोक्सॅबॅन जठरात चांगलं शोषलं जातं, पुढे आतड्यात कमी, आणि पूर्ण डोस जेवणाबरोबरच घ्यावा लागतो. मावशींचं जेवण म्हणजे दिवसातून सहा वेळा चार घास. अ‍ॅपिक्सॅबॅन मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीला शोषलं जातं आणि जेवणावर अवलंबून नसतं. म्हणून ते निवडलं. जठर कापलेल्या लोकांबद्दल पुरावा थोडका आहे, आणि रक्तातली पातळी मोजायची सोय आमच्याजवळ नव्हती.

दुसऱ्या औषधांची यादीही तपासली. फिट्सच्या काही गोळ्या आणि क्षयरोगाचं रिफॅम्पिसिन अ‍ॅपिक्सॅबॅनला यकृतातून लवकर संपवतात, बुरशीवरच्या काही गोळ्या ते साठवतात. मावशींना यातलं काही नव्हतं. मात्र एका नातेवाइकाने आणलेलं 'रक्त शुद्ध करणारं' चूर्ण निघालं, ज्यात काय आहे हे डब्यावर लिहिलेलं नव्हतं. ते बंद केलं. थोडी नाराजी झाली.

बदल करताना नवीन गुठळीसारखा पहिल्या आठवड्यातला दुप्पट डोस लागत नाही, कारण सात महिने उपचार झालेले असतात. पुढचं इंजेक्शन जेव्हा घ्यायचं, त्या वेळी पहिली गोळी. ५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. पंधरा दिवसांनी मुलाचा फोन आला: औषधाच्या दुकानात कुणीतरी सांगितलं की ६० किलोखाली वजन असेल तर गोळी अडीचचीच हवी. हा गोंधळ वारंवार होतो. तो नियम हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांसाठी, पक्षाघात टाळायला दिलेल्या गोळीचा आहे, आणि तिथेही वय ८०, वजन ६०, क्रिएटिनिन १.५ या तिनातल्या दोन अटी जुळाव्या लागतात. शिरेतल्या गुठळीच्या उपचाराला तो लागू नाही.

तरी अडीचचा प्रश्न वेगळ्या कारणाने रास्त होताच. २०२५ साली आलेल्या एका चाचणीत, किमान सहा महिने उपचार झालेल्या आणि कर्करोग अजून सक्रिय असलेल्या लोकांना ५ ऐवजी २.५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा दिलं. गुठळी परत येण्याचं प्रमाण छोट्या डोसवर २.१ टक्के आणि ५ वर २.८ टक्के, म्हणजे छोटा डोस कमी पडला नाही. लक्ष द्यावा असा रक्तस्राव १५.६ वरून १२.१ टक्क्यांवर आला. मावशींचे सात महिने झाले होते. मी लगेच का कमी केलं नाही? कारण फेब्रुवारीत मला एकाच वेळी दोन गोष्टींचा अंदाज बांधायचा नव्हता: अर्ध्या जठरातून गोळी किती शोषली जाते आणि तिचा अर्धा डोस पुरतो का. तीन महिने ५ वर ठेवलं. पाय सुजला नाही, हिमोग्लोबिन पडलं नाही, क्रिएटिनिन ०.८. मे महिन्यात अडीचवर आणलं.

त्याच वेळी सोनोग्राफी केली. मांडीतली शीर मोकळी, पण भिंत जाड, आत जुन्या गुठळीचे तंतू. संध्याकाळी घोटा थोडा सुजतो, म्हणून गुडघ्यापर्यंतचा दाब देणारा मोजा दिला. मोजा गुठळी थांबवत नाही, सूज आणि जडपणा कमी करतो.

औषध किती दिवस? गाठ काढली आहे, केमो संपली आहे, सीटी स्वच्छ आहे. शेवटच्या उपचाराला सहा महिने होईपर्यंत मी कर्करोग सक्रियच धरते, आणि लसिका ग्रंथींत तो सापडला होता. ते सहा महिने जुलैअखेर भरतात. तेव्हाचा सीटी चांगला आला तर पोर्ट काढायचा, त्याच्या आदल्या दिवशी गोळी थांबवायची, पोर्टची जखम भरली की पुन्हा दोन आठवडे द्यायची आणि मग बंद. सीटीत काही दिसलं तर अडीचची गोळी चालूच राहील.

मावशींनी तारखा मोजल्या. "म्हणजे चवथीला सुपारी काढायला मी झाडाखाली उभी असणार," म्हणाल्या. मी म्हटलं, उभं राहायला हरकत नाही, बसून राहू नका.